बिलावर छापलेलं व्याज

कुठल्याही छोट्या कारखान्याचं बिल उलटसुलट करून पाहा. खाली, ‘चूकभूल देणे घेणे’च्या आसपास, एक ओळ हमखास सापडते: मुदतीत रक्कम न मिळाल्यास द.सा.द.शे. १८ टक्के दराने व्याज आकारले जाईल. कुणी २४ टक्के छापतं. ही ओळ प्रेसवाल्याने मागच्या गिऱ्हाइकाच्या बिलावरून उचललेली असते आणि ती कुणी फारशी वाचत नाही. देणेकरी तर वाचतच नाही. उशीर झाला तर मुद्दल मिळावं म्हणूनच चार फोन करावे लागतात, तिथे व्याज मागायची हिंमत कोण करणार? एमआयडीसीत त्याचं उत्तर ठरलेलं आहे: “व्याज लावलं की पुढची ऑर्डर गेली.”

पण मार्च महिना आला, नफा जरा कमी दिसू लागला, बँकेकडे कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागायची असली, की हीच ओळ अचानक कामाची वाटू लागते. थकलेली बिलं काढायची, प्रत्येकावर १८ टक्क्यांनी व्याज मोजायचं, ग्राहकाच्या खात्यावर नावे टाकायचं आणि दुसऱ्या बाजूला ‘व्याज उत्पन्न’ जमा करायचं. हिशेब चोख जुळतो. करार आहे, बिलावर दर छापलेला आहे, दिवसही मोजून घेतलेत. मग चुकलं कुठे?

हिशेबशास्त्राचं उत्तर असं की हक्क निर्माण होणं आणि उत्पन्न होणं या दोन वेगळ्या घटना आहेत. विक्रीच्या बाबतीत त्या एकाच दिवशी घडतात म्हणून फरक जाणवत नाही. थकबाकीवरच्या व्याजात मात्र त्या दोहोंमध्ये महिने जातात, कधी वर्षं जातात, आणि पुष्कळदा दुसरी घटना घडतच नाही.

भारतात याचा नियम सनदी लेखापालांच्या संस्थेने, म्हणजे आयसीएआयने, १९८५ साली काढलेल्या लेखा मानक ९ मध्ये आहे. महसूल हिशेबात केव्हा घ्यायचा, हा या मानकाचा विषय. त्यातला अनिश्चिततेवरचा भाग जेमतेम काही परिच्छेदांचा आहे, पण नेमका आहे. त्याचा आशय असा: एखादी मागणी करतानाच जर ती अखेरीस वसूल होईल असं वाजवी खात्रीने सांगता येत नसेल, तर जेवढी अनिश्चितता तेवढ्यापुरतं उत्पन्न पुढे ढकलावं, आणि वसुलीची वाजवी खात्री पटेल तेव्हाच ते घ्यावं. अशा मागण्यांची उदाहरणं देताना मानक तीन गोष्टींची नावं घेतं: भाववाढीचे दावे, निर्यात प्रोत्साहनं आणि व्याज. व्याज तिथे नावानिशी आहे, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिच्यावरूनच एक गंमत आहे.

याच्या पुढचाच परिच्छेद दुसरी बाजू सांगतो. विक्री झाली तेव्हा वसुलीबद्दल शंका नव्हती, शंका नंतर आली, तर आधी दाखवलेली विक्री मागे घ्यायची नाही. बुडण्याच्या शक्यतेसाठी वेगळी तरतूद करायची. म्हणजे एकाच ग्राहकाकडे थकलेलं मुद्दल आणि त्यावरचं व्याज यांना दोन वेगळे न्याय. वरवर हे विचित्र वाटतं, पण त्यामागे कारण आहे. माल दिला त्या दिवशी देणारा आणि घेणारा दोघेही किमतीवर राजी होते. ग्राहकाची परिस्थिती नंतर बिघडली असेल, पण व्यवहार झाला तेव्हा तो खरा होता. व्याजाचं तसं नाही. ते जन्माला येतं तेच ग्राहक पैसे चुकवतोय म्हणून. जो मुद्दल देत नाही तो वर व्याज देईल, ही आशा पहिल्या दिवसापासूनच अधू असते.

बँकांच्या बाबतीत आपण हे तत्त्व न कळत शिकलो आहोत. नव्वद दिवस हप्ता थकला की कर्ज एनपीए होतं आणि त्यावरचं व्याज बँक केवळ लावून उत्पन्नात घेऊ शकत नाही. हाती पडेल तेव्हाच घेते. नरसिंहम समितीच्या १९९१च्या अहवालानंतर ही शिस्त आली. त्याआधी बुडीत कर्जांवरही व्याज मोजलं जात होतं आणि नफे फुगत होते. कारखानदाराने बिलावर व्याज नावे टाकणं हा त्याच खेळाचा छोटा अवतार आहे.

आता एक हिशेब पूर्ण करून पाहू. उदाहरण काल्पनिक आहे, पण त्यातले नियम आणि दर त्या काळातले खरे.

समजा, भोसरीत सुटे भाग करणारी एक भागीदारी संस्था आहे. उद्यम नोंदणी आधीपासूनची आहे, लघु उद्योग म्हणून. तिने एका मोठ्या कंपनीला जीएसटीसकट ८,००,००० रुपयांचा माल दिला आणि कंपनीने तो १७ जुलै २०२३ ला स्वीकारला. पर्चेस ऑर्डरमध्ये ९० दिवसांची उधारी लिहिलेली आहे. पण २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा सांगतो की सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला द्यायची मुदत लेखी ठरवली तरी ती माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे जाऊ शकत नाही. म्हणजे ३१ ऑगस्टला मुदत संपली. ऑर्डरवरच्या ९० दिवसांना इथे अर्थ नाही. त्यानंतर खरेदीदाराला चक्रवाढ व्याज द्यावं लागतं, दरमहा चक्रवाढीने, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने. बिलावर १८ टक्के छापलेत की २४, याला इथे महत्त्व नाही. त्या वर्षी बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे तिप्पट २०.२५ टक्के, महिन्याला १.६८७५ टक्के.

सप्टेंबर ते मार्च, सात महिने. ८ लाखांवर या दराने सात महिन्यांचं चक्रवाढ व्याज ९९,४०० रुपयांच्या आसपास होतं.

मार्चच्या अखेरीस कंपनीने मुद्दल पाठवलं, पूर्ण ८ लाख. त्यालाही कारण होतं. त्याच आर्थिक वर्षापासून आयकर कायद्यात नवं कलम लागू झालं होतं: सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं कायद्याच्या मुदतीत दिली नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा मिळेल. ३१ मार्च २०२४च्या आधी खरेदीदारांची जी धावपळ झाली ती त्यामुळेच. मुद्दल आलं, पण बँकेच्या संदेशात फक्त बिल क्रमांक होता आणि रक्कम अगदी तेवढीच होती. व्याजाबद्दल अवाक्षर नाही.

प्रश्न असा: ३१ मार्च २०२४च्या ताळेबंदात हे ९९,४०० रुपये उत्पन्न म्हणून दाखवायचे का?

कायद्याने हक्क पक्का आहे, याबद्दल वाद नाही. कायदा खरेदीदारावरही जबाबदारी टाकतो: लेखापरीक्षण होत असेल तर त्याने आपल्या वार्षिक हिशेबात सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांचं थकलेलं मुद्दल आणि त्यावरचं देय व्याज वेगळं दाखवायचं असतं. शिवाय हे व्याज त्याला आयकरात खर्च म्हणून मिळत नाही. इतका भक्कम आधार असताना उत्पन्न घ्यायला काय हरकत आहे, असं कुणाही मालकाला वाटेल.

पण मानक हक्काबद्दल विचारतच नाही. ते वसुलीबद्दल विचारतं. आणि वसुलीचा पुरावा कायद्याच्या पुस्तकात नसतो, ग्राहकाच्या वागण्यात असतो. या कंपनीने गेल्या पाच वर्षांत कधी उशिराचं व्याज दिलंय का? व्याजाची डेबिट नोट पाठवली तर ती तिने खात्यात घेतली की परत पाठवली? वर्षअखेरीला शिल्लक कळवण्याचं जे पत्र तिच्याकडून येतं त्यात व्याज धरलेलं आहे का? आपण स्वतः मागच्या वेळी व्याज सोडून दिलं होतं का? शेवटचा प्रश्न सगळ्यांत अवघड. दरवर्षी व्याज मागून दरवर्षी माफ करणाऱ्याला ‘या वेळी नक्की घेणार’ म्हणून उत्पन्न दाखवता येत नाही.

काही खुणा मात्र खरंच पुढे नेतात. ग्राहकाच्या हिशेब विभागाचा रक्कम मान्य करणारा लेखी मेल. आपल्याकडे पडून असलेली त्याची अनामत, जिच्यातून कराराप्रमाणे व्याज कापून घेता येतं. सुविधा परिषदेचा निवाडा, आणि तो आव्हान द्यायचा तर कायद्याप्रमाणे न्यायालयात आधी भरावे लागणारे ७५ टक्के. आणखी एक खूण हिशेबनीस मंडळींना ठाऊक असते: आपल्या फॉर्म 26AS मध्ये त्या ग्राहकाने व्याजाच्या सदराखाली टीडीएस कापलेला दिसला, तर त्याने आपल्या पुस्तकात व्याज देणं म्हणून धरलंय हे उघड झालं. तोंडाने नाही म्हणणाऱ्या ग्राहकाची कर-नोंद कधी कधी हो म्हणते.

आपल्या भोसरीच्या संस्थेकडे ३१ मार्चला यातलं काहीच नव्हतं. म्हणून त्या वर्षी व्याजाचं उत्पन्न शून्य. याचा अर्थ हक्क सोडला असा नाही. व्याजाची वेगळी नोंदवही ठेवायची: बिल, स्वीकाराची तारीख, मुदत, लागू दर, आजवरचं व्याज. टॅलीत ग्राहकाच्या खात्यावर व्याजगणना सुरू करून अहवाल काढता येतो. त्यासाठी नोंद टाकायची गरज नसते. मागणीपत्र पाठवायचं, हवं तर परिषदेकडे जायचं, फक्त नफा-तोट्याच्या खात्यात ही रक्कम आणायची नाही.

समजा, ती आणली असती. संस्थेचा वर्षाचा नफा ६ लाख धरला तर तो जवळपास ७ लाख दिसला असता. त्या वर्षाच्या अखेरीस एक भागीदार निवृत्त झाला असता, तर त्याच्या एक तृतीयांश वाट्यात तेहतीस हजार रुपये जास्त गेले असते, रोख. पुढच्या वर्षी ग्राहकाने व्याज नाकारलं की ते बुडीत खाती टाकायचं, आणि तो तोटा मागे राहिलेल्या दोघांच्या माथी. उत्पन्न कागदावरचं होतं, वाटा मात्र खऱ्या पैशांचा गेला. भागीदारीत अशी भांडणं होतात तेव्हा ‘व्याज आधी का दाखवलं’ हा प्रश्न वकिलाकडे गेल्यावर निघतो.

मोठ्या कंपन्यांत हेच मोठ्या आकड्यांनी होतं. ओळखायचं कसं? व्याज उत्पन्न दरवर्षी दिसतं, पण येणी त्याच गतीने वाढत जातात आणि रोख प्रवाहात त्याचा मागमूस नसतो. डेबिट नोटांच्या तारखा सगळ्या ३१ मार्चच्या असतात. एप्रिल-मेमध्ये त्यांच्या उलट क्रेडिट नोटा निघतात, कधी ‘दर फरक’ असं भलतंच नाव लावून. लेखापरीक्षकाने मागच्या तीन वर्षांत घेतलेल्या व्याजापैकी किती प्रत्यक्षात बँकेत आलं एवढं एक कोष्टक मागितलं तरी बरंच उजेडात येतं.

उलटाही गैरवापर होतो, त्याची चर्चा कमी होते. वसुलीची खात्री असूनही ‘अनिश्चित’ म्हणत व्याज बाजूला ठेवायचं आणि वाईट वर्षी बाहेर काढायचं. म्हणून वाजवी खात्री याचा अर्थ ‘पैसे हातात आल्यावरच’ असा घेणंही चूक आहे. ग्राहकाने लेखी मान्य केलं, त्याची ऐपत आहे, पूर्वी त्याने असं व्याज दिलेलं आहे, तर रक्कम यायच्या आधीच ते उत्पन्न आहे आणि दाखवायलाच हवं.

वीज क्षेत्रात हा विषय कोट्यवधींचा होतो. वीजनिर्मिती कंपन्या राज्यांच्या वितरण कंपन्यांना वीज विकतात, बिलं थकतात, विलंब अधिभार साचतो. वर्षानुवर्षं साचलेला अधिभार अखेर कोण देणार हे कुणालाच माहीत नसताना तो उत्पन्नात घेणं म्हणजे हवेत घर बांधणं. केंद्राने ३ जून २०२२ ला याबाबत नवे नियम काढले. त्यांत वितरण कंपन्यांना जुनी थकबाकी अधिभारासकट जास्तीत जास्त ४८ मासिक हप्त्यांत फेडण्याची सोय होती. रक्कम ठरली, हप्ते ठरले, हप्ते येऊ लागले, तेव्हा कालपर्यंत अनिश्चित असलेल्या अधिभाराचं स्वरूप बदललं. याच्या अगदी उलट टोकाला शेतीपंपांची थकबाकी. महाराष्ट्राच्या २०२० च्या कृषीपंप धोरणात पाच वर्षांपूर्वीच्या थकबाकीवरचं व्याज आणि विलंब आकार माफ करण्यात आला. जिथे माफीचा इतिहास आहे तिथे पुढच्या व्याजाची खात्री कुठून आणायची?

आता कराची बाजू, जिथे दोन कायदे दोन वाटांनी जातात.

जीएसटी इथे आश्चर्य वाटावं इतका समजूतदार आहे. उशिराचं व्याज मालाच्या किमतीतच धरलं जातं, त्यामुळे त्यावर मालाच्याच दराने कर लागतो. पण केव्हा? व्याज प्रत्यक्ष मिळेल त्या दिवशी. बिलावर मागितलं, डेबिट नोट पाठवली, एवढ्याने नाही.

आयकर मात्र तसा नाही, आणि मघाशी म्हटलेली गंमत ती हीच. आयकरासाठी उत्पन्न मोजण्याची स्वतंत्र मानकं २०१७-१८ या कर निर्धारण वर्षापासून लागू झाली. त्यांतल्या महसुलावरच्या मानकात आयसीएआयचं तेच वाक्य जवळजवळ जसंच्या तसं घेतलंय: वसुलीची खात्री नसेल तर उत्पन्न पुढे ढकला. मात्र उदाहरणांत भाववाढ आहे, निर्यात प्रोत्साहनं आहेत, ‘व्याज’ गाळलेलं आहे. व्याजासाठी वेगळं कलम: थकलेली रक्कम आणि दर यांच्या आधारे, काळाच्या प्रमाणात ते उत्पन्न धरायचं. म्हणजे भोसरीच्या संस्थेने पुस्तकात व्याज घेतलं नाही तरी आयकर अधिकारी म्हणू शकतो की ९९,४०० रुपये उत्पन्नात मिळवा.

करदात्याचा बचाव जुना आहे. कर खऱ्या उत्पन्नावर लागतो, पुस्तकातल्या कल्पित नोंदीवर नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली शूरजी वल्लभदास प्रकरणात म्हटलं. १९९७ साली गोध्रा इलेक्ट्रिसिटी कंपनीच्या प्रकरणात तेच तत्त्व पुन्हा वापरलं: कंपनीने वीजदर वाढवले होते, वाढीव रक्कम पुस्तकात नोंदवली होती, ग्राहक कोर्टात गेले आणि ती रक्कम कधी वसूलच झाली नाही, न्यायालयाने ती खरं उत्पन्न मानली नाही. पण हे निकाल नव्या मानकांच्या आधीचे आहेत, म्हणून त्यांच्यावर पूर्ण भरवसा ठेवून राहणं मला धाडसाचं वाटतं. सावध सल्लागार काय करतात? व्याज पुस्तकात घेत नाहीत, पण आयकर विवरणात मिळवून दाखवतात, आणि पुढे ते बुडालं तर वजावट मागतात. पुस्तकात न दाखवलेलं पण कर-मानकांमुळे कर भरलेलं उत्पन्न बुडालं, तर ते बुडीत म्हणून मान्य करण्याची सोय कायद्यात ठेवलेली होती. न मिळालेल्या पैशांवर आधी कर भरा आणि मग परत मागा, हा व्यवहार छोट्या उद्योगाला जड जातो, पण वादापेक्षा तो स्वस्त पडू शकतो.

भोसरीच्या संस्थेचं पुढे काय झालं? समजा, तिने मागणीपत्र पाठवलं, परिषदेकडे जाण्याची तयारी दाखवली. जुलै २०२४ मध्ये कंपनीच्या वित्त विभागाचा मेल आला: तडजोड म्हणून करासकट ५०,००० रुपये देतो, विषय संपवा. संस्थेने हो म्हटलं. तोवर २०२३-२४ चे हिशेब अजून सही व्हायचे होते, तेव्हा हिशेबनिसाने विचारलं, हे मागच्या वर्षात घ्यायचं का? ताळेबंदाच्या तारखेनंतरची घटना त्या तारखेला असलेल्या परिस्थितीवर प्रकाश टाकत असेल तर मागे नेता येते, असं लेखा मानक ४ सांगतं, आणि त्याच्या आधाराने कुणी हो म्हणेल. मला ते पटत नाही. मार्चअखेर कंपनीने व्याज मान्य केलेलंच नव्हतं. जुलैमधली तडजोड हा नवा सौदा होता. तिचं वर्ष २०२४-२५.

ऑक्टोबरमध्ये पैसे आले. ५०,००० पैकी १८ टक्के दराने ७,६२७ रुपये जीएसटीचे, ते त्या महिन्याच्या विवरणात गेले. ४२,३७३ रुपये व्याज उत्पन्नात जमा झाले. उरलेल्या रकमेसाठी हिशेबनिसाला बुडीत खाती नोंद टाकावी लागली नाही, कारण ती पुस्तकात कधी आलेलीच नव्हती. नोंदवहीतल्या त्या ओळीवर ‘तडजोड’ लिहून त्याने पुढचं बिल घेतलं. त्याचीही मुदत तेव्हा उलटून गेली होती.